पोट बिघडतं ते पावडरीने की दुधाने?

जिमला जायला लागल्यावर व्हे प्रोटीन सुरू केलं आणि तासा-दोन तासांत पोट फुगलं, गुडगुडलं, जुलाब झाले, अशी तक्रार अनेक जण करतात. मग दुप्पट पैसे मोजून आयसोलेटचा डबा आणला जातो. त्याआधी थोडा हिशेब करायला हवा.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ती पचवायला लहान आतड्यात लॅक्टेज नावाचं विकर लागतं. मोठेपणी अनेकांमध्ये ते कमी होतं. न पचलेलं लॅक्टोज मोठ्या आतड्यात जातं, तिथले जीवाणू ते आंबवतात, वायू होतो आणि आतड्यात पाणी ओढलं जातं. तरीही बहुतेकांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत, म्हणजे साधारण एक पेला दुधातलं लॅक्टोज, फारसा त्रास न होता चालतं. जेवणासोबत घेतलं तर ते आणखी सोसतं.

आता समजा, कुणी 300 मिलिलिटर दुधात व्हे कॉन्सन्ट्रेटचा 30 ग्रॅमचा एक स्कूप ढवळून पितो. स्कूपमधलं लॅक्टोज साधारण दोन ग्रॅम, दुधातलं मात्र जवळपास पंधरा! इथे पावडर बदलून फारसं काही साधणार नाही. आठवडाभर तीच पावडर पाण्यात घेऊन पाहावी. त्रास थांबला तर कारण दूध होतं.

पाण्यात घेऊनही पोट बिघडत असेल तर आयसोलेटकडे वळावं. ते जास्त गाळलेलं असल्याने एका स्कूपमध्ये लॅक्टोज सहसा अर्ध्या ग्रॅमहून कमी असतं. पण डब्यावर मोठ्या अक्षरांत काय लिहिलंय यावर जाऊ नये, मागची घटकांची यादी वाचावी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिलं नाव कॉन्सन्ट्रेटचं असेल तर ते मिश्रण आहे. यादीत सॉर्बिटॉल, माल्टिटॉल किंवा इन्युलिन दिसलं, तर वायूचं कारण तेही असू शकतं.

लॅक्टोज-फ्री दुधात लॅक्टेज घालून साखर आधीच फोडलेली असते. म्हणून ते गोड लागतं, पण एकूण साखर तेवढीच राहते. मधुमेहींनी हे ध्यानात ठेवावं.

दूध नकोच असेल तर सोया प्रोटीन किंवा वाटाणा आणि तांदूळ यांचं मिश्रण घ्यावं. वाटाण्यात मेथिओनिन कमी, तांदळात लायसिन कमी, त्यामुळे दोन्ही एकमेकांची उणीव भरून काढतात.

मात्र दुधामुळे अंगावर गांधी उठत असतील, ओठ सुजत असतील किंवा धाप लागत असेल, तर ती दुधातल्या प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. तिथे आयसोलेट आणि लॅक्टोज-फ्री दूध दोन्ही धोक्याची आहेत. अशा वेळी घरी प्रयोग न करता थेट डॉक्टर गाठावा.