दोन मिनिटांचे भाषण

चौतीस वर्षे बँकेत कर्जाच्या अर्जांवर शेरे मारले आणि निवृत्तीनंतर चार कादंबऱ्या लिहिल्या. पण स्वतःविषयी दोन मिनिटे बोलायची वेळ आली, तेव्हा मात्र घशाला कोरड पडली. प्रसंग आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेचा. सभासद चोवीस, सर्वसाधारण जागा सहा आणि त्यांना उमेदवार सात. म्हणजे एक जण पडणार हे नक्की.

सभा गच्चीवर होती. भाषण मी आदल्या रात्रीच कागदावर उतरवले होते. सौभाग्यवतींनी ते ऐकले आणि म्हणाल्या, "यात कादंबऱ्यांचं जास्त झालंय. लोकांना हिशेब कळतो का ते सांगा." मी कादंबऱ्या खोडल्या.

बोलून झाले आणि तळमजल्यावरचे काका उठले. "हिशेब कळतो म्हणता, मग सांगा. आम्ही खालचे चौघे लिफ्ट वापरत नाही. तुम्ही निवडून आलात तर आमचे लिफ्टचे पैसे माफ करणार का?"

चार मते समोर उभी होती. "बघू, विचार करू," एवढे म्हणायचाच अवकाश. पण बँकेची सवय जात नाही. मी उपविधींची पुस्तिका पिशवीतून काढली. लिफ्टच्या देखभाल-दुरुस्तीचा खर्च त्या इमारतीतील सर्व सभासदांनी सारखा वाटून घ्यायचा, मग लिफ्ट कोणी वापरो वा न वापरो, असे आदर्श उपविधी सांगतात आणि आमच्या संस्थेने तेच स्वीकारले आहेत. समिती आपल्या मर्जीने कोणाला सूट देऊ शकत नाही. उपविधी बदलायचे तर सर्वसाधारण सभेचा ठराव हवा आणि त्यावर निबंधकांची मंजुरीही.

मग हिशेब मांडला. वर्षाचा देखभाल करार आणि वीज मिळून 96,000 रुपये. चोवीस घरांत वाटले तर प्रत्येकी 4,000. चार घरे वगळली तर उरलेल्या वीस घरांना 4,800. "म्हणजे तुम्हाला मिळणारी सूट वरच्या प्रत्येक घराच्या माथी आठशे रुपयांनी बसणार. असले वचन मी कोणत्या तोंडाने देऊ?"

काका ताडकन खाली बसले. खरे तर तेही गुडघ्यांमुळे गच्चीवर लिफ्टनेच आले होते. ते वाक्य माझ्या जिभेवर आले होते, पण गिळले. कादंबरीत असते तर सोडले नसते!

माझ्या पाठीमागून एका उमेदवाराने मात्र हसत हसत "लिफ्टचं बघून घेऊ" असे सांगितले आणि टाळ्या घेतल्या. गुप्त मतदान झाले, चिठ्ठ्या मोजल्या. टाळ्या घेणारे दुसरे आले. मी सहावा, तोही एका मताने.

बटाटेवडे संपत आले होते. काका खाली जायला निघाले, माझ्यापाशी थांबले आणि म्हणाले, "ते पुस्तक जरा द्या. झेरॉक्स काढून उद्या परत करतो."

मग लिफ्टचे बटण दाबले.