कार्डावर तारीख नसते, पण इकामा संपतो

रमजान ईदच्या सुट्टीत कुंभारीत भेटलेल्या एका अम्मीने मुलाच्या इकाम्याचा फोटो दाखवला. मुलगा दम्माममध्ये वेल्डर आहे. "सर, कार्ड तर नवंकोरं आहे, मग कंपनीला कशाला विचारायचं?" गैरसमज इथेच होतो. सौदीचे मुकीम कार्ड पाच वर्षे चालते आणि त्यावर संपण्याची तारीख छापलेली नसते. इकाम्याची खरी मुदत मात्र ठरावीक महिन्यांचीच असते. ती मुलाच्या मोबाईलवर 'अबशर'मध्ये दिसते. तिथे हिजरी तारीख दिसली तर इंग्रजी तारीखही पाहून घ्यावी, कारण हिजरी वर्ष सुमारे 11 दिवसांनी लहान असते.

मुलाला अबशर उघडायला सांगितले. मुदत 30 सप्टेंबरला संपत होती. शिवाय पासपोर्टचा नंबर जुनाच होता. त्याने नवा पासपोर्ट काढला होता, पण कंपनीने जवाजातकडे नोंदवला नव्हता. ही नोंद आधी व्हावी लागते, नाहीतर नूतनीकरण अडते.

इकामा कामगार स्वतः वाढवू शकत नाही, ते कंपनीचे काम आहे. सौदी कामगार कायद्याच्या कलम 40 नुसार इकामा व वर्क परमिटची फी आणि उशिराचा दंडही मालकाने भरायचा असतो. पगारातून कापायचा नाही. कंपन्या टाळतात त्याचे कारण बहुधा पैसा. इकाम्याची वर्षाची फी 650 रियाल असली, तरी वर्क परमिटचा खर्च त्याहून कितीतरी मोठा असू शकतो. म्हणून पूर्ण वर्षाचे जमत नसेल तर तीन महिन्यांचे तरी करा, असे म्हणता येते. तशी सोय 2021 पासून आहे.

मुदतीच्या दोन-तीन महिने आधी एचआरला लेखी विचारावे. मुलाने जुलैत असा मेसेज इंग्रजीत पाठवला:

"माझा इकामा नंबर अमुक, मुदत 30 सप्टेंबर. नव्या पासपोर्टची प्रत सोबत आहे, कृपया नोंद करावी. आरोग्य विमा आणि वर्क परमिट चालू आहे का, ते कळवावे. नूतनीकरण कधी होईल?"

तोंडी विचारणे पुरत नाही. पुढे तक्रार करायची वेळ आली तर हाच मेसेज पुरावा होतो. त्यासोबत करार आणि पगार जमा झाल्याचे बँक स्टेटमेंटही जपून ठेवावे.

ऑगस्टमध्ये पासपोर्टची नोंद झाली आणि मुदत संपायच्या आत इकामा वाढला.

मुदत उलटल्यास पहिल्या वेळी 500 रियाल दंड, दुसऱ्या वेळी 1000, आणि तिसऱ्यांदा देशाबाहेर पाठवले जाऊ शकते. पण घाबरून काम सोडून पळू नये, त्याने 'हुरूब'ची नोंद होण्याचा धोका असतो. 2021 च्या सुधारणेनंतर इकामा किंवा वर्क परमिट संपलेला कंपनीतला कामगार जुन्या मालकाच्या परवानगीशिवाय 'किवा'वरून दुसऱ्या कंपनीत जाऊ शकतो. घरकामगार व घरगुती ड्रायव्हर यांचे नियम वेगळे आहेत. कंपनी दाद देत नसेल तर घरच्यांना भारत सरकारच्या 'मदद' पोर्टलवर इथूनही तक्रार करता येते.

आज रात्री मुलाचा फोन आला की तब्येतीसोबत अबशरमधली तारीखही विचारा.