ओळखीतून ओळख, आणि मग भागाकार

सुईने नशा करणाऱ्या माणसांची यादी कुणाकडे नसते. घरोघर जाऊन विचारलं तर कुणी खरं सांगत नाही. मग त्यांच्यात एचआयव्हीचं प्रमाण किती, हे कसं ठरवायचं? समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकथॉर्न यांनी अमेरिकेच्या कनेटिकट राज्यात अशा लोकांमध्ये काम करताना एक रीत बसवली आणि १९९७ साली ती मांडली. सुरुवातीला ओळखीची मोजकी माणसं घ्यायची. मुलाखत झाली की प्रत्येकाच्या हाती क्रमांक घातलेली, साधारण तीन कूपनं द्यायची. ती त्याने आपल्यासारख्याच ओळखीच्यांना द्यायची. मुलाखतीचे पैसे मिळतात, आणि आपलं कूपन घेऊन कुणी आलं तर त्याचेही मिळतात. नाव कुणाचंच विचारायचं नाही. कुणाला कुणी आणलं, हे क्रमांकावरून कळतं.

अडचण अशी की ज्याच्या ओळखी जास्त, त्याच्यापर्यंत कूपन पोहोचण्याच्या वाटाही जास्त. म्हणून प्रत्येकाला विचारतात: या शहरातली, सुईने नशा करणारी किती माणसं तुम्हाला ओळखतात आणि तुम्ही त्यांना ओळखता? त्या आकड्याच्या व्यस्त प्रमाणात त्याच्या उत्तराला वजन मिळतं. समजा, १०० जण आले. त्यांतले ४० बाधित, आणि प्रत्येकाच्या २० ओळखी. उरलेले ६० बाधित नाहीत, त्यांच्या ओळखी १०-१०. नुसतं मोजलं तर प्रमाण ४० टक्के. वजन लावलं तर बाधितांचे ४० भागिले २०, म्हणजे २, आणि इतरांचे ६० भागिले १०, म्हणजे ६. आठात दोन, म्हणजे २५ टक्के.

एवढा मोठा फरक ज्या आकड्यावर उभा आहे, तो माणसाने आठवून सांगितलेला असतो. 'दहा', 'वीस', 'पन्नास' अशी ठोकळ उत्तरं येतात. दोनच ओळखी सांगणाऱ्याचं वजन शंभर सांगणाऱ्याच्या पन्नासपट होतं. शिवाय हे गणित धरून चालतं की कूपन ओळखीतल्या कुणालाही सारख्याच शक्यतेने जातं आणि घेणारा येतोच.

युगांडाच्या ग्रामीण भागात हे पडताळता आलं, कारण तिथल्या २,४०२ कुटुंबप्रमुख पुरुषांची माहिती संशोधकांकडे आधीच होती. कूपनांतून ९२७ जण आले. तरुण आणि सुस्थितीतले पुरुष कमी आले, आणि वजनांनी ती तूट भरली नाही. २०१२ साली निष्कर्ष छापून आले, तेव्हा दिसलं की वजन लावलेल्या अंदाजांपैकी जेमतेम तिसरा हिस्सा कच्च्या टक्केवारीपेक्षा सत्याच्या जवळ होता. शंभरात ९५ वेळा खरा आकडा ज्यात सामावायला हवा, तो पल्ला ५० ते ७४ वेळाच त्याला सामावत होता. कारण उघड आहे. वजन ओळखींच्या संख्येतला फरक सुधारतं, यायच्या इच्छेतला नाही.

खरं उत्तर हाताशी नसतं तेव्हा मी आधी साखळ्या सुट्या करून पाहतो. पहिल्या माणसाचा प्रभाव पुढच्या फेऱ्यांत विरायला हवा, आणि वेगवेगळ्या सुरुवातींतून निघालेल्या साखळ्यांचे अंदाज एकमेकांजवळ यायला हवेत. एका साखळीत ३५ टक्के आणि दुसरीत १० टक्के असं अखेरपर्यंत राहिलं, तर शहरात एकमेकांना फारसे न ओळखणारे दोन गट असावेत. त्या दोघांची सरासरी छापू नये.