गिझर आणि वॉशिंग मशीन एकत्र चालू केले की एमसीबी का पडते?

गिझर एकटा चालतो. मशीनही एकटं चालतं. दोन्ही एकदम लावली की थोड्या वेळाने खटका पडतो. रविवारी सकाळी आमच्या घरी हे ठरलेलं. आई म्हणायची, ‘मशीनच बिघडलंय.’ पण मशीन बिघडलं असतं तर गिझर बंद असतानाही एमसीबी पडली असती. मी साहित्य शिकते, पण भागाकार मलाही येतो.

आमचा गिझर 3000 वॅटचा. 230 व्होल्टने भागलं की साधारण 13 अँपिअर. मशीनमधला पाणी तापवणारा हीटर 2000 वॅटचा, म्हणजे जवळपास 9. बेरीज 22, आणि दोन्ही प्लग ज्या एमसीबीवर आहेत ती 16 ची. म्हणजे दोष कुठल्याच वस्तूत नाही, बेरजेत आहे.

मग ती लगेच का पडत नाही? एमसीबीत दोन धातूंची एक जोडपट्टी असते. जास्त करंट वाहिला की ती तापते, हळूहळू वाकते आणि शेवटी खटका सोडते. 16 च्या जागी 22 म्हणजे भार थोडाच जास्त, त्यामुळे वाकायला बरीच मिनिटं लागतात. लगेच बटण वर केलं तर दुसऱ्यांदा लवकर पडते, कारण पट्टी अजून गरमच असते.

खात्री करायची असेल तर मशीन थंड पाण्यावर लावून बघा. हीटर बंद, नुसती मोटर साधारण दोनेक अँपिअर घेते. 13 आणि 2 मिळून 15, त्यामुळे खटका पडत नाही. आमच्याकडे अगदी असंच झालं.

पण पडलं नेमकं काय, हे आधी बघायला हवं. बोर्डावर ‘टी’ लिहिलेलं टेस्ट बटण असलेला स्विच पडत असेल, तर तो बहुतेक आरसीसीबी. त्याला भाराशी देणंघेणं नसतं, तो गळती मोजतो. घरगुती आरसीसीबी सहसा 30 मिलिअँपिअरचा असतो. गिझरच्या जुन्या कॉइलमधून थोडी गळती आणि मशीनमधून थोडी, अशीही बेरीज होते. तेव्हाही खटका ‘दोन्ही एकत्र’ असतानाच पडतो, पण बरेचदा दुसरी वस्तू चालू करताक्षणी. अशा वेळी गिझर वापरू नका, आधी तपासून घ्या. आणि एमसीबीच क्षणात पडत असेल तर शॉर्टचा संशय घ्यावा.

शेजारच्या अंकलनी सुचवलं, ‘16 ची काढून 25 ची बसव गो.’ खटका पडायचा थांबेल हे खरं, पण भिंतीतली वायर तीच राहील. एमसीबी वायरला जपते, गिझरला नाही. वायर जाड नसेल तर ती आतल्या आत तापत राहील, आणि कुणाला कळणारही नाही. वायरमनकडून मशीनसाठी बोर्डापासून वेगळी लाईन आणि वेगळी एमसीबी घालून घ्यावी. तोवर आधी आंघोळी, मग कपडे.