रात्री 12.20 ला पोचणारे 18 जण

पुण्यातल्या 18 जणांचा गट केरळला निघाला आहे, असं धरू. 12 जानेवारीला रात्री 8.35 ला विमान कोचीत उतरणार, तिथे एक मुक्काम, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मुन्नार. आठवडाभर आधी विमान कंपनी कळवते की आता पोचायची वेळ रात्री 12.20 आहे. गटाचं काम पाहणाऱ्याला ट्रॅव्हल एजंटला ईमेल करायचा आहे, आणि खोल्यांची यादी व जेवणाचे तपशील त्याच ईमेलमधून पक्के करायचे आहेत.

पहिली गफलत तारखेची होते. ‘12 तारखेला रात्री 12.20’ असं लिहिलं, तर 11 तारखेची रात्र संपताच बस विमानतळावर येऊन उभी राहू शकते. ‘आता आम्ही 13 ला पोचतोय’ असं लिहिलं, तर एजंट हॉटेलचं बुकिंग 13 वर सरकवतो. मग खोली मिळणार 13 च्या दुपारी दोनला, कारण बहुतेक हॉटेलांत चेक-इन तेव्हा सुरू होतं, आणि तोवर आजी-आजोबा लॉबीतल्या सोफ्यावर. बुकिंग 12 चंच राहिलं पण उशिराची कल्पना हॉटेलला दिली नाही, तर मध्यरात्रीपर्यंत कोणी आलं नाही म्हणून खोल्या दुसऱ्यांना दिल्या जाऊ शकतात. म्हणून वाक्य असं हवं: ‘विमान 12 आणि 13 जानेवारीच्या मधल्या रात्री, म्हणजे 13 जानेवारीला 00.20 वाजता उतरेल. हॉटेलचा मुक्काम 12 च्या रात्रीपासूनच कायम ठेवावा आणि आम्ही पहाटे दोनच्या सुमारास पोचू हे हॉटेलला कळवावं.’ विमानाचा क्रमांक सोबत द्यायचा, म्हणजे आणखी उशीर झाला तर ड्रायव्हरला तो स्वतः पाहता येतो.

वेळ बदलली की पुढचंही हलतं. पहाटे दोनपर्यंत जागलेल्या ड्रायव्हरने सकाळी सातला मुन्नारचा घाट चढू नये. एक तर निघायची वेळ साडेदहा करायची, नाहीतर सकाळी दुसरा ड्रायव्हर मागायचा. मी साडेदहाच निवडेन. झोप प्रवाशांनाही लागतेच.

रात्रीचं जेवण आता हॉटेलात होणार नाही. गटातलं एक जैन जोडपं सूर्यास्तानंतर जेवत नाही, त्यामुळे ते पुण्यातच जेवून निघतील. मधुमेह असलेल्या काकांना मात्र रात्री काहीतरी पोटात हवं. ते बरोबर डबा घेतील, पण पोचल्यावर खोलीत दूध आणि केळी मिळतील का, हे ईमेलमध्ये विचारायला हवं. पाककृतीइतकीच जेवणाची वेळही आहारातच मोडते, आणि नेमकी तीच लिहायची राहून जाते.

‘दोन जैन’ एवढ्यावर कोचीच्या स्वयंपाकघराला पुरेसं कळेलच असं नाही. त्यापेक्षा ‘कांदा, लसूण, बटाटा, गाजर, बीट, मुळा नको’ असं लिहावं. सांबार आणि भाज्यांमध्ये यातलं काही ना काही असतंच, म्हणून त्यांचं वेगळं शिजवावं लागेल हेही सांगावं. ॲलर्जी आवडीनिवडींच्या ओळीत कधीच लिहू नये. गटातल्या एका मुलाला काजू चालत नाही. त्याची ओळ वेगळी: ‘काजूची ॲलर्जी, वाटणात किंवा कुर्म्यातसुद्धा नको.’ केरळात काजूचं वाटण रश्श्यात घालतात आणि ते नुसतं बघून ओळखू येत नाही.

खोल्यांच्या यादीत गोंधळ होतो तो ‘डबल’ आणि ‘ट्विन’ यांचा. हॉटेलच्या भाषेत डबल म्हणजे एक मोठा पलंग, ट्विन म्हणजे दोन वेगळे. दोन मैत्रिणींसमोर ‘डबल’ लिहिलं की त्यांना एकच पलंग मिळतो, आणि रात्री दोन वाजता खोली बदलून देणारं कोणी नसतं. आपल्या गटाचा हिशेब असा: 3 डबल, 4 ट्विन, 1 ट्रिपल आणि 1 सिंगल, म्हणजे 6, 8, 3 आणि 1, एकूण 18 जण, 9 खोल्या. ही बेरीज ईमेलमध्येच लिहावी, चूक असेल तर तिथेच दिसते. ट्रिपलमध्ये तिसऱ्याला पलंग मिळणार की जमिनीवर गादी, हे विचारून घ्यावं. नावं ओळखपत्रावर आहेत तशीच. गुडघेदुखी असलेल्यांपुढे ‘तळमजला किंवा लिफ्टजवळ’.

याआधी दोन याद्या गेलेल्या असतील, तर ‘जोशींच्या जागी कुलकर्णी’ असा तुकडा पाठवू नये. पूर्ण यादी नव्याने जोडावी आणि वर लिहावं: ‘ही यादी अंतिम आहे, आधीच्या सगळ्या रद्द समजाव्या.’ विषयाच्या ओळीत बुकिंग क्रमांक, प्रवासाची तारीख आणि ‘पोचण्याची वेळ बदलली’ हे शब्द हवेत. एजंट हाच ईमेल तोडून हॉटेल, स्वयंपाकघर आणि बसवाल्याला पाठवणार असतो, म्हणून प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या परिच्छेदात.

शेवटी ठरावीक दिवसापर्यंत तीन उत्तरं मागायची: 12 च्या रात्रीच्या 9 खोल्या हॉटेलने मान्य केल्या का, बसचा रात्रीचा जादा आकार किती, आणि काजूची सूचना स्वयंपाकघरापर्यंत पोचली का. उत्तरात नुसतं ‘नोटेड’ आलं, तर ते या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. मग निघायच्या दोन दिवस आधी हॉटेलला थेट फोन करायचा आणि 12 तारखेच्या बुकिंगवर किती खोल्या दिसतात, ते विचारायचं.