निकालपत्रकाची आडवी ओळ, प्रगतिपत्रकाचा उभा चौकोन

परीक्षा संपली की वर्गशिक्षकांच्या हाती निकालपत्रक येतं. डावीकडे हजेरी क्रमांक, त्याशेजारी नाव आणि पुढे एकेका विषयाचा रकाना. एक विद्यार्थी म्हणजे एक आडवी ओळ. गुण भरण्यासाठी ही मांडणी उत्तम आहे, कारण विज्ञानाच्या बाई पेपरांचा गठ्ठा घेऊन बसतात आणि आपल्या रकान्यात वरून खाली आकडे भरत जातात. पालकांना मात्र चाळीस मुलांचं विज्ञान पाहायचं नसतं. त्यांना आपल्या मुलाचे सगळे विषय एकाखाली एक हवे असतात, वर नाव आणि शेवटी बेरीज. आकडे तेच असतात, पण वाचण्याची दिशा बदलते.

ही दिशा बदलायला बऱ्याच शाळांत अजून दोन-तीन दिवस जातात. कुणी एकेक ओळ कॉपी करून ‘पेस्ट स्पेशल’मधलं ‘ट्रान्सपोज’ वापरतं, कुणी सरळ हाताने उतरवतं. चाळीस मुलं आणि सहा विषय म्हणजे दोनशे चाळीस आकडे. इतके आकडे उतरवताना एकाचे गुण दुसऱ्याच्या नावावर जाण्याचा धोका असतो, आणि तशी चूक सहसा पालक शाळेत आल्यावरच उघड होते. हे काम एक्सेलकडून करून घेता येतं. त्याला लागणारं गणित चौथीतलं आहे: भागाकार आणि बाकी.

नववीचा एक वर्ग घेऊ. मुलं चाळीस. विषय सहा: मराठी, हिंदी, इंग्रजी, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्रे. प्रत्येकी शंभर गुण. निकालपत्रकाच्या शीटला `Marks` नाव देऊ. त्यात A रकान्यात हजेरी क्रमांक, B मध्ये नाव आणि C ते H मध्ये सहा विषय आहेत. पहिल्या ओळीत शीर्षकं आहेत आणि मुलं दुसऱ्या ओळीपासून एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत आहेत. I रकान्याचं शीर्षक ‘एकूण’. त्यात काय लिहायचं ते पुढे येईल.

आता प्रगतिपत्रकाचा चौकोन कागदावर आखावा. संगणकाला हात लावण्याआधी हे करावं, असं मला आग्रहाने सांगावंसं वाटतं, कारण पुढचं सगळं या चौकोनाच्या उंचीवर ठरतं. आपल्या चौकोनात पहिल्या ओळीवर नाव आणि हजेरी क्रमांक, दुसरीवर ‘विषय’ आणि ‘गुण’ ही शीर्षकं, तिसरी ते आठवी या ओळींवर सहा विषय, नवव्या ओळीवर एकूण आणि दहावी ओळ कात्रीसाठी मोकळी. म्हणजे प्रत्येक मुलाला बरोबर दहा ओळी आणि चाळीस मुलांना चारशे.

`Card` नावाची दुसरी शीट उघडली की तिची कुठलीही ओळ घेऊन दोन प्रश्न विचारता येतात. ही ओळ कितव्या मुलाची? आणि त्या मुलाच्या चौकोनातली ही कितवी ओळ? चाळीस मजल्यांची इमारत आहे आणि प्रत्येक मजल्यावर दहा खोल्या आहेत असं समजा. खोल्यांना सलग क्रमांक दिले, तर दहाने भागून आलेला भागाकार मजला सांगतो आणि उरलेली बाकी त्या मजल्यावरची खोली सांगते. एक्सेलमध्ये भागाकारासाठी `INT`, बाकीसाठी `MOD` आणि ओळीच्या क्रमांकासाठी `ROW` आहे. `Card` शीटच्या A1 आणि B1 मध्ये अनुक्रमे हे लिहायचं:

```
=INT((ROW()-ROW($A$1))/10)+1
=MOD(ROW()-ROW($A$1),10)+1
```

पहिला फॉर्म्युला मूल सांगतो, दुसरा चौकोनातली ओळ. सत्तेचाळिसावी ओळ तपासून पाहू. सत्तेचाळिसातून एक वजा केला की सेहेचाळीस. दहाने भागलं तर भागाकार चार, बाकी सहा. दोन्हींत एकेक मिळवला की पाच आणि सात. म्हणजे ही पाचव्या मुलाच्या चौकोनातली सातवी ओळ. विषय तिसऱ्या ओळीपासून सुरू होतात, म्हणून सातव्या ओळीवर पाचवा विषय येतो, म्हणजे विज्ञान.

यात नुसता एक वजा न करता `ROW($A$1)` वजा केलं आहे, त्याला कारण आहे. पुढे कुणीतरी शाळेचं नाव टाकायला वर एक ओळ घालतं. नुसता एक वजा केलेला असेल, तर सगळे फॉर्म्युले एक ओळ खाली सरकतात आणि पहिल्या मुलाचं नावच नाहीसं होतं. `$A$1` लिहिलेलं असलं की नवी ओळ घातल्यावर एक्सेल स्वतःच तो पत्ता `$A$2` करतं आणि हिशेब जागेवर राहतो. ओळ मधेच कुठे घातली, तर मात्र हा उपाय चालत नाही. तिथे चौकोनातली एक ओळ गायब होते. म्हणून `Card` शीटमध्ये मधे काही घालू नये. हवी असलेली जास्तीची ओळ चौकोनाच्या उंचीतच धरावी आणि दहाच्या जागी अकरा करावा.

मूल आणि ओळ कळली की मजकूर आणायचं काम `INDEX` करतं. त्याला एक पट्टा दाखवायचा आणि कितवी ओळ, कितवा रकाना ते सांगायचं. C1 मध्ये डावी बाजू आणि D1 मध्ये उजवी बाजू:

```
=IF(B1=1,INDEX(Marks!$B$2:$B$41,A1),
 IF(B1=2,"विषय",
 IF(B1<=9,INDEX(Marks!$C$1:$I$1,B1-2),"")))

=IF(B1=1,INDEX(Marks!$A$2:$A$41,A1),
 IF(B1=2,"गुण",
 IF(B1<=9,INDEX(Marks!$C$2:$I$41,A1,B1-2),"")))
```

A1 ते D1 हे चारही सेल निवडून चारशेव्या ओळीपर्यंत खाली ओढले की चाळीस प्रगतिपत्रकं तयार होतात. ‘एकूण’साठी वेगळं काही करावं लागत नाही. तो सातवा विषय असल्यासारखा I रकान्यातून येतो. A आणि B हे रकाने छपाईआधी लपवावेत, पण पुसू नयेत. गूगल शीट्समध्ये हे फॉर्म्युले असेच चालतात. लिब्रेऑफिसमध्ये नव्याने लिहिताना शीटच्या नावापुढे उद्गारचिन्हाऐवजी टिंब आणि स्वल्पविरामाऐवजी अर्धविराम लागू शकतो.

इथवर सगळं सरळ आहे. खरा घोटाळा रिकाम्या सेलमध्ये होतो.

पाचवी मुलगी सायली आहे असं धरू. मराठी 78, हिंदी 71, इंग्रजी 64, गणित 82, सामाजिक शास्त्रे 75. विज्ञानाचा सेल रिकामा आहे, कारण त्या दिवशी तिला ताप होता. निकालपत्रकात ती जागा कोरी दिसते आणि पाहणाऱ्याला अर्थ कळतो. `INDEX` मात्र रिकामा सेल उचलून आणतं तेव्हा त्याचा शून्य होतो. `Card` शीटच्या सत्तेचाळिसाव्या ओळीवर ‘विज्ञान’ आणि समोर 0 छापला जातो, खाली एकूण 370. पेपर दिला आणि काहीच आलं नाही, असा त्याचा अर्थ होतो. पेपर न दिलेल्या मुलीवर हा अन्याय आहे, आणि तो कुणीही मुद्दाम केलेला नसतो. शिवाय कोरा सेल नेमकं काय सांगतो, तेही ठरत नाही. मूल गैरहजर होतं की बाईंचे गुण भरायचे राहिले?

म्हणून निकालपत्रकात एकही सेल कोरा सोडायचा नाही. गैरहजर असेल तर ‘गै’ लिहायचं. अक्षरं असल्यामुळे `SUM` त्यांना बेरजेत धरत नाही आणि `INDEX` ती जशीच्या तशी आणतं. हा नियम पाळला गेला की नाही हे I रकान्यानेच सांगावं. I2 मध्ये लिहून एकेचाळिसाव्या ओळीपर्यंत ओढायचं:

```
=IF(COUNT(C2:H2)+COUNTIF(C2:H2,"गै")<6,
 "तपासा",SUM(C2:H2))
```

खरे आकडे आणि ‘गै’ मिळून सहा भरले नाहीत, तर बेरजेच्या जागी ‘तपासा’ येतं. यात आणखी एक चूक सापडते. दुसरीकडून चिकटवलेला आकडा कधी कधी एक्सेलला मजकूर वाटतो. दिसायला 64 असतो, पण सेलच्या डाव्या कडेला चिकटलेला असतो आणि बेरजेत येत नाही. `COUNT` असा आकडा मोजत नाही, त्यामुळे तोही उघडा पडतो. सायलीच्या विज्ञानासमोर ‘गै’ लिहिलं की तिच्या चौकोनात ‘गै’ आणि 370 असं बरोबर छापलं जातं. टक्केवारी सहाशेवर काढायची की पाचशेवर, हे शाळेच्या नियमाने ठरेल. ते फॉर्म्युल्यात परस्पर ठरवून टाकू नये.

दुसरी चूक नव्या प्रवेशाची. सत्राच्या मधे आलेलं मूल यादीच्या तळाशी, बेचाळिसाव्या ओळीवर लिहिलं जातं. आपला पट्टा एकेचाळिसाव्या ओळीला संपतो. कुठलीही सूचना न येता त्या मुलाचं प्रगतिपत्रक निघतच नाही. उलट, पट्टा न वाढवता फॉर्म्युले चारशेच्या पुढे ओढले, तर `#REF!` दिसतं, आणि ते दिसतं म्हणून दुरुस्त होतं. न दिसणारी चूक पकडायला `Card` शीटच्या बाजूच्या मोकळ्या सेलमध्ये या दोन बेरजा ठेवाव्यात:

```
=SUM(Marks!C:H)
=SUMIFS(D1:D400,B1:B400,">=3",B1:B400,"<=8")
```

पहिली निकालपत्रकातल्या सगळ्या गुणांची, दुसरी प्रगतिपत्रकांतल्या फक्त विषयांच्या ओळींची. D रकान्याची सरसकट बेरीज करून चालणार नाही, कारण त्यात हजेरी क्रमांक आणि एकूणही आहेत. दोन्ही आकडे जुळले नाहीत, तर कुणीतरी राहिलं आहे. गुण कुणाच्या नावावर गेले हे यातून कळत नाही. त्यासाठी पहिलं, मधलं एखादं आणि शेवटचं अशी तीन प्रगतिपत्रकं मूळ ओळीशी डोळ्यांनी ताडून पाहावीत.

छपाईत पुन्हा दहाचं गणित येतं. ए-फोर कागदाची उंची 842 पॉइंट असते. एक्सेलचा नेहमीचा समास वर आणि खाली पाऊण-पाऊण इंच, म्हणजे मिळून 108 पॉइंट. उरतात 734. ओळीची उंची पंधरा पॉइंट ठेवली, तर पानावर अठ्ठेचाळीस ओळी बसतात आणि पाचव्या मुलाचा चौकोन तुटतो: एकूणपर्यंतच्या आधीच्या ओळी एका पानावर, बेरीज दुसऱ्यावर. उंची अठरा केली की चाळीसच ओळी बसतात, म्हणजे नेमके चार चौकोन, आणि पूर्ण वर्ग दहा पानांत मावतो. देवनागरीच्या मात्रा-वेलांट्यांनाही ही उंची बरी पडते. तरीही ‘प्रिंट प्रीव्ह्यू’ पाहून, गरज पडल्यास दर चाळीस ओळींनंतर पान तोडण्याची खूण हाताने द्यावी.

चौकोनाची उंची सगळ्यांना सारखी आहे, हे या पद्धतीचं बळ आहे आणि मर्यादाही. अकरावी विज्ञानाच्या वर्गात कुणी गणित घेतं, कुणी जीवशास्त्र, कुणी दोन्ही. निकालपत्रकात सगळ्या विषयांचे रकाने असतात आणि न घेतलेले कोरे राहतात. तिथे दहा-दहाचे ठरीव चौकोन केले, तर न घेतलेल्या विषयाची ओळ प्रत्येकाच्या कागदावर येते. अशा वर्गासाठी एक्सेलमधलं ‘पॉवर क्वेरी’ वापरावं. त्यात विषयांचे रकाने निवडून `Unpivot Columns` म्हटलं की प्रत्येक मूल आणि प्रत्येक विषय यांची एकेक ओळ होते आणि कोरे सेल आपोआप गळून पडतात. इथे ‘गै’ लिहिण्याचा नियम आणखी कडकपणे पाळावा लागतो. न घेतलेला विषय गळायलाच हवा, पण गैरहजर मुलाचा सेल कोरा राहिला असेल, तर त्याचा विषयही तसाच गळतो आणि कागदावर त्याची खूणसुद्धा उरत नाही.