फोटोतला प्राणी नेमका कोण?

कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगो शहरात ला होया नावाचा किनारा आहे. तिथे ‘चिल्ड्रन्स पूल’ या छोट्या पुळणीवर सील पहुडलेले असतात आणि चालत काही मिनिटांवर असलेल्या खडकाळ खाडीत सी लायन. पर्यटक दोन्हीकडे फोटो काढतात आणि बहुतेकदा सगळ्यांनाच ‘सील’ म्हणून मोकळे होतात.

कान बघा, असा सल्ला नेहमी दिला जातो. सी लायनला बाहेरून दिसणारी इवलीशी पाळी असते, सीलला नुसते छिद्र. पण ओल्या अंगाला ती पाळी चिकटून बसते आणि लांबून घेतलेल्या फोटोत दिसतच नाही. त्यापेक्षा पाय पाहावेत. हे पाय वल्ह्यांसारखे चपटे झालेले असतात, त्यांना फ्लिपर म्हणतात. सी लायनचे पुढचे फ्लिपर लांब, काळपट आणि जवळजवळ केसविरहित असतात. त्यांवर भार देऊन तो छाती उचलतो, मागचे फ्लिपर पोटाखाली वळवतो आणि चक्क चालतो. सीलचे मागचे फ्लिपर पुढे वळतच नाहीत, ते शेपटीसारखे मागेच राहतात. पुढचे आखूड, केसाळ, नखे असलेले. जमिनीवर बिचारा पोटावर सरपटतो. म्हणून फोटोत छाती ताठ करून बसलेला दिसला तर तो सी लायन. डोके आणि मागचे फ्लिपर वर उचलून केळ्यासारखा वाकलेला दिसला तर सील.

पाण्यात नुसते डोके वर असेल, तर इथल्या सीलचे डोके गोलसर आणि तोंड आखूड असते, सी लायनचे कुत्र्यासारखे लांबट. पाण्याबाहेर आलेला काळा त्रिकोण पाहून शार्क समजण्याचीही घाई नको. सी लायन अंगाचे तापमान राखण्यासाठी फ्लिपर हवेत धरून तरंगतो.

भारताच्या किनाऱ्यावर सील किंवा सी लायनची वस्ती नाही. आपल्याकडे आहे तो डुगाँग: कच्छचे आखात, मन्नारचे आखात, पाल्कची सामुद्रधुनी आणि अंदमान-निकोबार. तमिळनाडूने 2022 मध्ये पाल्क उपसागरात 448 चौरस किलोमीटरचे डुगाँग राखीव क्षेत्र जाहीर केले. याला मागचे पाय नाहीतच. शेवटी डॉल्फिनसारखी, मध्ये खाच असलेली आडवी शेपूट. थोबाड खाली झुकलेले, कारण तो समुद्रतळाचे गवत खातो. तो खडकावर चढून ऊन खात बसत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर आरामात लोळणारा ‘डुगाँग’ असा फोटो आला तर तो दुसराच कोणीतरी.

कोकणात मात्र वेगळी गफलत होऊ शकते. इथे पाठीवर पर नसलेला एक छोटा पॉर्पॉइज आढळतो. डुगाँगच्याही पाठीवर पर नाही आणि शेपूट दोघांची सारखीच. अशा वेळी डोक्याकडेच वळावे लागते. पॉर्पॉइजचे डोके गोल घुमटासारखे आणि श्वासाचे एकच छिद्र माथ्यावर. डुगाँगच्या दोन नाकपुड्या थोबाडाच्या पुढच्या टोकाला, वरच्या बाजूला. फोटोत हे दिसत नसेल, तर नाव न देणेच बरे.